‘वास्तव’ या शब्दानं माझा प्रश्न कसा चुकवला

राज्यसेवा पूर्वच्या एका सराव पेपरात हा प्रश्न होता. एका देशाचा चालू किमतींनुसार जीडीपी वर्षभरात 400 अब्जांवरून 460 अब्जांवर गेला आणि डिफ्लेटर 125 वरून 140 झाला, तर वास्तव जीडीपीतील वाढ सुमारे किती? पर्याय होते 15 टक्के, 12 टक्के, 3 टक्के आणि 2.7 टक्के. मी 15 टक्क्यांचा गोल भरला आणि भरताना हातसुद्धा थरथरला नाही. 400 चे 460 झाले, म्हणजे 15 टक्के, इतकं सरळ. डिफ्लेटर, म्हणजे पायाभूत वर्षाचे भाव 100 धरले तर आजचे भाव किती हे सांगणारा आकडा, मला गोंधळात टाकायला घुसडलाय असं वाटलं.

संध्याकाळी उत्तरतालिका पाहिली तेव्हा ‘सिली मिस्टेक’ म्हणून वहीत नोंद केली. ती नोंदच खरी घोडचूक होती. पुढच्या महिनाभरात याच जातीचे आणखी दोन प्रश्न मी चुकवले. व्याख्या मला झोपेतही येत होती, चूक दुसरीकडेच होती.

ती कुठे होती ते सांगते, जरा लांबण लागेल. आपल्या बोलण्यात ‘नाममात्र’ म्हणजे अगदी थोडं, नावापुरतं. नाममात्र फी, नाममात्र भाडं. आणि ‘वास्तव’ म्हणजे प्रत्यक्षात घडलेलं. त्यामुळे माझ्या डोक्यात नकळत अशी जोडी बसली होती की लोकांनी खरोखर मोजलेले पैसे म्हणजे वास्तव, आणि कागदावर हिशेबापुरता काढलेला आकडा म्हणजे नाममात्र. प्रत्यक्षात बरोबर उलटं आहे. लोकांनी खरोखर मोजलेले रुपये, म्हणजे चालू किमतींनुसार जीडीपी, हाच नाममात्र. आणि वास्तव जीडीपीचा आकडा म्हणजे कुणाच्याच खिशातून कधीही न गेलेली रक्कम. यंदाचा माल पायाभूत वर्षाच्या भावानं विकला असता तर किती झाले असते, एवढंच ती सांगते. रक्कम काल्पनिक असते, पण ती ज्या वाढीबद्दल बोलते ती मालातली वाढ मात्र खरी असते.

हे मला कळलं ते अभ्यासिकेच्या खालच्या मेसमध्ये. मावशींनी डब्याचा दर 60 वरून 80 केला होता आणि आम्ही कुरकुरत होतो. एकानं हिशेब मांडला की आधी 100 डबे जायचे, म्हणजे दिवसाचे 6000 रुपये. आता 105 जातात, म्हणजे 8400. मावशी, तुमचा धंदा 40 टक्के वाढला की! मावशी फणकारल्या, “पाचच डबे वाढलेत रे. गॅस आणि तेल काय तुझा बाप देतो?”

मी तिथल्या तिथे पेपर नॅपकिनवर 105 गुणिले 60 केलं. 6300. जुन्या दरानं मोजलं तर वाढ 6000 वरून 6300, म्हणजे 5 टक्के, म्हणजेच मावशींचे पाच डबे. 8400 ला 6300 नं भागून 100 नं गुणलं की येतात 133.3, हा मावशींच्या मेसचा डिफ्लेटर. त्यांना मिळालेले 8400 खरे होते, तरी ‘वास्तव’ आकडा 6300 चाच होता.

आता पुन्हा त्या प्रश्नाकडे या. 400 ला 1.25 नं भागलं की 320, आणि 460 ला 1.40 नं भागलं की जवळपास 328.6. वाढ 8.6 ची, 320 वर म्हणजे सुमारे 2.7 टक्के. चारही पर्याय कसे रचलेत ते नीट बघा. 15 टक्के माझ्यासारख्यांसाठी. 12 टक्के ही फक्त डिफ्लेटरची वाढ, भाव आणि माल यांत गल्लत करणाऱ्यांसाठी. आणि 3 टक्के हा शॉर्टकटवाल्यांसाठी, 15 वजा 12.

या वजाबाकीवर माझा राग आहे. आमच्या एका सरांनी ती फळ्यावर चौकटीत लिहून दिली होती आणि ‘एवढंच लक्षात ठेवा’ म्हणाले होते. वाढीचे आकडे लहान असतील तर ती चालते, नाही असं नाही. मोठे झाले की घसरते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं 31 मे 2023 ला दिलेले 2022-23 चे तात्पुरते अंदाज घ्या. नाममात्र जीडीपी 234.71 लाख कोटींवरून 272.41 लाख कोटी, वाढ 16.1 टक्के. 2011-12 च्या किमतींनुसार 149.26 वरून 160.06 लाख कोटी, वाढ 7.2 टक्के. वजाबाकी केली तर भाव 8.9 टक्क्यांनी वाढले असं उत्तर येतं. डिफ्लेटर नीट काढला तर तो सुमारे 157.3 वरून 170.2 वर जातो, म्हणजे 8.2 टक्के. हे आकडे पुढे सुधारले गेले, ते पाठ करू नका. पण एकदा हातानं हा भागाकार कराच.

त्याच सरांचा दुसरा मंत्र होता, ‘मोठा वाढदर दिसला की तो नाममात्र’. घाबरू नका, बहुतेक वेळा तो खरा ठरतो. पण जुलै-सप्टेंबर 2015 च्या तिमाहीत त्या वेळच्या अंदाजानुसार वास्तव वाढ 7.4 टक्के होती आणि नाममात्र 6 टक्के. घाऊक भाव खाली आले होते, त्यामुळे डिफ्लेटरच घसरला. विधानांच्या प्रश्नात ‘नेहमी’ हा शब्द टाकून नेमकं हेच विचारता येतं.

एवढं झाल्यावर मी उलट्या बाजूला पडले, तेही सांगायला हवं. वास्तव म्हणजे चांगलं, असं म्हणत मी सगळीकडे स्थिर किमती वापरायला लागले. मग राजकोषीय तुटीचं जीडीपीशी प्रमाण विचारणारा प्रश्न आला आणि पुन्हा चुकला. 2022-23 मध्ये केंद्राची तूट सुमारे 17.33 लाख कोटी होती. ती त्या वर्षीच्या रुपयांत आहे, म्हणून भागायचं तेही त्याच वर्षीच्या रुपयांतल्या जीडीपीनं. 272.41 नं भागलं की जाहीर झालेले 6.4 टक्के येतात. मी पठ्ठीनं 160.06 नं भागलं आणि 10.8 आणले. पर्यायांत तोही होता, अर्थातच.

हल्ली मी असा प्रश्न वाचताना ‘वास्तव’ आणि ‘नाममात्र’ हे शब्द खोडते आणि वर ‘जुना दर’ आणि ‘आजचा दर’ लिहिते. पोरकट दिसतं. शेजारच्या बाकावरचा एक जण हसलाही होता. मग पाहते की प्रश्न डबे विचारतोय की गल्ला. डबे विचारले असतील तर दोन्ही वर्षांना एकच दर लावते. आणि एका रकमेला दुसऱ्या रकमेनं भागायचं असेल, तर दोन्ही एकाच वर्षाच्या दरातल्या आहेत ना, एवढं बघून मगच गोल भरते.