वयानुसार झोप पुरेशी आहे का हे ठरवताना या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनाचे दिवस जवळ आले की आमच्या सिंधुदुर्गातल्या शाळांमधून गावाच्या झोपेवरचे प्रकल्प माझ्याकडे तपासायला येतात आणि त्यांत दरवर्षी त्याच त्या चुका असतात. नातवापासून आजोबांपर्यंत सगळ्यांना आठ तासांची एकच पट्टी लावलेली असते. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या तज्ज्ञसंस्थेने २०१६ मध्ये मुलांसाठी जी शिफारस केली, तिच्यानुसार चोवीस तासांत चार महिने ते एक वर्षाच्या बाळाला १२ ते १६ तास, एक-दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४, तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास झोप हवी. प्रौढांसाठी किमान ७ तास सांगितले आहेत. म्हणजे आठ तास झोपणारे वडील ठीक, पण तेवढेच झोपणारी तिसरीतली मुलगी कमी झोपते आहे. चार महिन्यांखालील बाळांसाठी या संस्थेने आकडाच दिलेला नाही, कारण त्या वयात बाळाबाळांत फार फरक असतो. तेव्हा तो रकाना भरायचा म्हणून भरू नये.

मला सर्वांत जास्त खटकते ती चूक म्हणजे 'तुम्ही किती तास झोपता?' हा एकच प्रश्न विचारून मोकळे होणे. काही वर्षांपूर्वी मीही नववीच्या गटाला ही पळवाट घेऊ दिली होती. बहुतेकांनी 'आठ तास' लिहिले आणि तक्त्यावर 'झोप पुरेशी' असा निष्कर्ष लागला. त्याच वर्गातली एक मुलगी मात्र दुसऱ्या तासालाच बाकावर डोके टेकायची आणि तिच्याही फॉर्मवर आठच तास होते. मी तिला एक वही दिली आणि पंधरा दिवस रोज सकाळी उठल्याबरोबर तीन वेळा लिहायला सांगितल्या : अंथरुणाला पाठ कधी टेकली, झोप अंदाजे कधी लागली आणि जाग कधी आली. वहीत दिसले ते असे, की जेवणे आटोपून नऊ वाजता घर शांत होई, म्हणून तिने नऊ ते पाच असे आठ तास धरले होते. प्रत्यक्षात ती साडेनऊला आडवी होई, डोळा साडेदहाला लागे आणि वाडीवरून घाटी उतरून सहाची एसटी गाठायची म्हणून आई पाचला उठवी. झोप झाली साडेसहा तास.

आता तिचा एक आठवडा पाहा. शनिवारीही सकाळची शाळा असल्याने शाळेच्या आदल्या अशा सहा रात्री आल्या. साडेसहा तासांप्रमाणे त्यांचे झाले ३९ तास. शनिवारी रात्री साडेदहा ते रविवारी सकाळी साडेआठ, असे १० तास. एकूण ४९, म्हणजे सरासरी ७. या सरासरीने तूट एक तासाची दाखवली, पण शाळेच्या दिवसांत ती दीड तासाची होती. रविवारची ती साडेतीन तासांची जादा झोप हीच साठलेल्या तुटीची खूण होती. तिला मोकळे सोडल्यावर शरीर किती मागते ते त्यातून कळते. गटाच्या सरासरीत तर तूट पूर्णच लपते. शाळेला लागून राहणारी तिची मैत्रीण साडेनऊ तास झोपत असेल, तर दोघींची सरासरी बरोबर आठ येते आणि तक्ता म्हणतो, सगळे ठीक. म्हणून मी सरासरी काढूच देत नाही. प्रत्येक मुलापुढे शाळेच्या रात्रींचा आकडा लिहायचा, त्या वयाच्या खालच्या मर्यादेखाली किती जण आहेत ते मोजायचे आणि तीच संख्या तक्त्यावर मांडायची. पंधरा दिवस थांबायला मुले कुरकुरतात. पण एका दुपारी गोळा केलेल्या फॉर्मवर मी सही करत नाही.

'लवकर झोपायला सांगा' एवढाच उपाय लिहून प्रकल्प संपवणे हीसुद्धा चूकच. पौगंडावस्थेत झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे या मुलीला नऊला आडवे केले तरी झोप लगेच लागेलच असे नाही, आणि पाचला उठायचे तर आठ तासांसाठी नऊलाच डोळा लागायला हवा. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये शाळा सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय घेतला तो चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी. नववीची एसटी सहाचीच राहिली.

बालवाडीतल्या मुलांची दुपारची झोप बेरजेत धरा. आजीला पाच तास पुरतात असे गृहीत धरू नका. वय वाढले की झोप तुटक होते, गरज फारशी घटत नाही. रात्री मासेमारीला जाणाऱ्यांची झोप 'रात्री किती' असे विचारून मोजू नका, चोवीस तासांची मोजा. आणि गणपतीच्या, शिमग्याच्या किंवा भातलावणीच्या आठवड्यांत वही सुरू करू नका. त्या दिवसांतली झोप खरी असली तरी ती वर्षभराची नसते.