दोऱ्यावरची खडीसाखर का जमत नाही? या चुका टाळा

दोरा पाकात सोडला, आठवडा गेला आणि दोऱ्यावर काहीच नाही, किंवा बरणीच्या तळाशी नुसता दगड झालाय. दोन्हीचं कारण बहुतेक वेळा टेम्परेचरच असतं.

१०० ग्रॅम पाण्यात २० डिग्रीला साधारण २०० ग्रॅम साखर विरघळते, ३० ला २१५ च्या आसपास आणि ८० ला थेट ३६० पर्यंत. आता समजा २०० मिली पाणी आणि ५२० ग्रॅम साखर घेतली. गरम असताना सगळी आरामात विरघळते, पण पाक ३० डिग्रीवर आला की त्यातली ४३० ग्रॅमच हक्काने पाण्यात राहू शकते, उरलेली ९० ग्रॅम बाहेर पडायला जागा शोधत असते. ती दोऱ्यावर बसवायची, बस एवढाच खेळ आहे.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे घाई करून दोरा गरम पाकातच सोडणं. दोऱ्याला चिकटवलेले साखरेचे दाणे तिथे विरघळून जातात, कारण गरम पाकाला अजून साखर हवीच असते, आणि मग क्रिस्टल धरायला दोऱ्यावर काही उरतच नाही. पाक कोमट होईपर्यंत थांबा, दोरा ओला करून साखरेत घोळवा आणि पूर्ण वाळू द्या, मगच सोडा. आधी खात्री करायची असेल तर गार झालेला पाक चमचाभर वाटीत काढा, त्यात चार दाणे टाका, तासाभराने ते गायब झाले तर साखर कमी पडलीये, परत गरम करून वाढवा.

दुसरं, तळाशी न विरघळलेले दाणे ठेवणं. साखर मग दोरा सोडून त्यांच्यावरच बसते आणि तळाला तो दगड तयार होतो. पाक पूर्ण पारदर्शक दिसेपर्यंत ढवळा आणि स्वच्छ बरणीत ओता. पण म्हणून खळखळ उकळत पण ठेवू नका, पाणी उडून जातं, पाक इतका दाट होतो की साखरेचे कण हलतच नाहीत किंवा सगळं एकदम गोठतं.

फ्रिजचा मोह टाळाच! झटकन गार केलं की एकाच वेळी हजारो बारीक दाणे पडतात, मोठा खडा होत नाही. बरणी टॉवेलात गुंडाळून जिथे ऊन येत नाही आणि कोणी हलवत नाही अशा जागी ठेवा.

आणि लिंबू नको, प्लीज. गुलाबजामच्या पाकाची साखर होऊ नये म्हणून आपण लिंबू पिळतो ना, तेच इथे उलटं पडतं, आंबटाने थोडी साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये तुटते आणि ते क्रिस्टलला वाढू देत नाहीत.

वर पापुद्रा धरला असेल तर तो हलकेच फोडून काढा. दोरा तळाच्या दगडात अडकला असेल तर तो सोडवून बाजूला ठेवा, पाक तळाच्या दगडासकट दोन चमचे पाणी घालून दगड पूर्ण विरघळेपर्यंत परत गरम करा, गार झाला की तोच दोरा पुन्हा सोडा, आता तळाला लागणार नाही एवढा वर.