लॅपटॉपचं झाकण हलतंय? बिजागरीचा स्क्रू आवळण्याआधी या चुका टाळा

लॅपटॉप उघडताना डाव्या कोपऱ्यातून बारीक ‘कट्ट’ असा आवाज येतो. मागची फट जरा रुंद दिसायला लागते आणि आठ-पंधरा दिवसांत झाकण हव्या त्या कोनात थांबेनासं होतं. मग मालक म्हणतात, “बिजागरी ढिली झालीय, स्क्रू आवळून द्या.” नाशिकमध्ये कॉलेज रोड असो की नाशिकरोड, दुरुस्तीच्या टेबलावर हे वाक्य रोजचंच. पण तीन-चार वर्षं वापरलेल्या प्लास्टिक बॉडीच्या लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा उलटं घडलेलं असतं. बिजागरी जाम झालेली असते आणि तिला धरून ठेवणारं प्लास्टिक तुटलेलं असतं.

हे कसं होतं ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढच्या चुका आपोआप लक्षात येतील. बिजागरीत एक पोलादी दांडा असतो आणि त्यावर चकत्या एकमेकींना चिकटवून नटानं दाबलेल्या असतात. त्या चकत्यांच्या घर्षणावर झाकण तरंगतं. बिजागरीची एक पट्टी झाकणात आणि दुसरी कीबोर्डच्या बाजूच्या बॉडीत स्क्रूनं बसवलेली असते. हे स्क्रू थेट प्लास्टिकमध्ये जात नाहीत. प्लास्टिकच्या छोट्या खांबांमध्ये गरम करून बसवलेल्या पितळी नटांमध्ये ते आवळलेले असतात. दांड्यावरचं ग्रीस वाळलं, त्यात धूळ बसली किंवा पावसाळ्यातल्या दमटपणानं गंज धरला की बिजागरी जड होते. 15.6 इंची झाकणाची उंची साधारण 23 सेंटीमीटर, तर बिजागरीची पट्टी जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटर. म्हणजे वरच्या काठाला लावलेला एक किलोचा जोर त्या खांबांवर साधारण दहा किलोंइतका पडतो. पितळी नट तेवढा जोर सहन करतो, प्लास्टिक करत नाही. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीतल्या गारठ्यात ग्रीस आणखी घट्ट असतं. त्यामुळे सकाळी पहिल्यांदा झाकण उघडतानाच कोपरा फुटणं नवीन नाही.

पहिली चूक: ढिली आणि तुटलेली यातला फरक न बघणं

लॅपटॉप बंद करून टेबलावर ठेवा आणि झाकण मधोमध धरून सावकाश उघडा. नजर स्क्रीनवर नको, मागच्या दोन कोपऱ्यांवर ठेवा. कोपऱ्याची फट उघडत असेल, बेझल म्हणजे स्क्रीनभोवतीची चौकट बाहेर सुटत असेल किंवा खालची बाजू फुगत असेल, तर प्लास्टिकचा खांब गेला आहे. दोन्ही कोपरे जागच्या जागी आहेत, पण झाकण हळूहळू मागे किंवा पुढे पडतं, असं असेल तरच बिजागरीचं घर्षण खरोखर कमी झालेलं आहे. तिसरी शक्यता अगदी साधी: पट्टीचा एखादा स्क्रू सैल झालाय आणि बाकी सगळं ठीक आहे. यातल्या पहिल्या प्रकारात स्क्रू आवळला, तर तो फिरतच राहतो, कारण खाली नटही गोल फिरत असतो. आणि दांड्यावरचा नट आवळून जड बिजागरी आणखी जड केलीत, तर उरलेला खांबही जाणार.

दुसरी चूक: “स्क्रीन चालतेय ना” म्हणून तसंच वापरत राहणं

खरा धोका इथे आहे. डिस्प्लेची केबल बहुतेक मॉडेलमध्ये एका बिजागरीच्या अगदी शेजारून जाते. वायफायच्या अँटेनाच्या दोन बारीक वायरी आणि कॅमेऱ्याची वायरही तिथेच असतात. बिजागरी जागेवर असताना केबलला ठरलेल्या खाचेत वळायला जागा असते. पट्टी उचलली गेली की तिची कड दर उघडझापीला केबलवर घासते किंवा केबल फटीत चिमटते.

आधी काळी कापडी टेप झिजते, मग आतल्या केसासारख्या वायरींचं आवरण. ठराविक कोनात स्क्रीन फडफडणं, आडव्या-उभ्या रेषा, क्षणभर पांढरी पडणं ही पहिली लक्षणं. कधी आधी वायफायच कमकुवत होतं आणि लोक राउटर बदलत बसतात. वायरी तुटल्या एवढ्यावर थांबलं तर बरं. त्याच केबलमधून बॅकलाइटसाठी साधारण 12 ते 19 व्होल्टची लाइन जाते आणि शेजारी कमी व्होल्टेजच्या सिग्नलच्या वायरी असतात. आवरण फाटलेली ही लाइन धातूच्या पट्टीला टेकली की मदरबोर्डवरचा फ्यूज उडतो. सिग्नलच्या वायरीला टेकली तर पॅनेल किंवा बोर्डही जातो. केबलचं काम मग बोर्डाचं काम होऊन बसतं.

स्क्रीन काळी पडली तर दोन तपासण्या करा. एचडीएमआयनं टीव्ही किंवा मॉनिटर लावा. तिथे चित्र नीट आलं तर मदरबोर्डचा ग्राफिक्सचा भाग ठीक आहे. मग अंधारात मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका मारा. फिकट चित्र दिसलं तर पॅनेलला सिग्नल पोहोचतोय आणि बॅकलाइट गेलाय, म्हणजे केबलची ती लाइन किंवा बोर्डावरचा फ्यूज बघायचा.

तोवर काय करायचं? झाकण साधारण 100 अंशांवर उघडं ठेवा, उघडझाप थांबवा आणि बाहेरच्या मॉनिटरवर काम करा. डेटाचा बॅकअप याच दिवसात घ्या.

तिसरी चूक: फटीत फेवीक्विक सोडणं

झटपट चिकटणारा असा गोंद कडक आणि ठिसूळ असतो. सरळ ओढ तो सहन करतो, पण उचकटण्याचा ताण त्याला झेपत नाही आणि बिजागरीला ताण तोच असतो. शिवाय तो पातळ असल्यामुळे फटीतून आत पसरतो, स्क्रूच्या आट्यांत आणि बिजागरीच्या चकत्यांत शिरतो. मग फिरायची ती पट्टीच फिरत नाही. प्लास्टिकवर येणारे पांढरे डाग वेगळेच. असा लॅपटॉप दुरुस्तीला आला की आधीचा गोंद खरवडण्यातच निम्मा वेळ जातो. बाहेरून ठोकलेला स्क्रू, पट्टी किंवा नट-बोल्ट हाही तसाच उद्योग. तो आतल्या बॅटरीत किंवा बोर्डात घुसू शकतो.

दुरुस्ती कशी व्हायला हवी: एक उदाहरण

सातपूरहून रोज दुचाकीवर बॅगेत घालून आणला जाणारा 15.6 इंची लॅपटॉप घ्या. झाकण उघडलं की डावा कोपरा चार मिलिमीटर उचलतो आणि 100 अंशांपुढे स्क्रीन फडफडते. बाहेरच्या मॉनिटरवर चित्र ठीक आहे.

खालचं कव्हर काढताना रबरी पायांखाली लपलेले स्क्रू विसरू नका. कागदावर लॅपटॉपचा आराखडा काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवा, कारण लांबी वेगवेगळी असते. कव्हर निघाल्याबरोबर पहिलं काम म्हणजे बॅटरीचा कनेक्टर काढणं. चार्जर काढणं पुरेसं नसतं. बॅटरी जोडलेली असताना डिस्प्लेची केबल काढली किंवा तिरकी बसवली, तर फ्यूज उडतो, हे नवख्यांकडून नेहमी होतं. केबल काढताना वायरी ओढायच्या नाहीत. कनेक्टरला बारीक कडी असेल तर आधी ती उचला आणि चिकटवलेल्या टेपच्या शेपटाला धरून बोर्डाला समांतर सरकवा.

या उदाहरणात डावीकडच्या तीन पितळी नटांपैकी दोन उपटलेले निघाले. ते आधी मोजून शोधा. एक सुटा नट मदरबोर्डाजवळ सापडला, म्हणजे शॉर्टसर्किट केव्हाही होऊ शकलं असतं. बिजागरी बाहेर काढून हातानं फिरवून पाहिली तर डावी उजवीपेक्षा बरीच जड लागली. मूळ कारण तेच. दांड्यावर नट असेल तर एकाष्टमांश फेरा सैल करा, जुना काळा चिकटा पुसा, ग्रीसचा एक बारीक ठिपका लावा आणि पुन्हा हातानं तपासा. दोन्ही बिजागऱ्या सारख्या लागल्या पाहिजेत. शिवणयंत्राचं तेल टाकू नका. ते पसरून झाकण घसरायला लागतं. काही बिजागऱ्यांत पत्रा दांड्याभोवती गुंडाळलेला असतो, नट नसतोच. तशी जड झाली तर जोडी बदलणं हाच मार्ग.

आता खांब. तुटलेली जागा आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसा, पॉलिश पेपरनं खरबरीत करा. पितळी नट बिजागरीच्या पट्टीवर स्क्रूनं बसवा. स्क्रूच्या टोकाला किंचित ग्रीस लावा, म्हणजे गोंद आट्यांना धरणार नाही. राळ आणि हार्डनर अशा दोन ट्यूबचा इपॉक्सी पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात कालवा. नटाभोवती गोंदाचं पूर्ण कोंदण व्हायला हवं, ठिपका नको. सावकाश वाळणारा घ्या, पाच मिनिटांत सुकणारा तेवढा मजबूत नसतो. गोंद ओला असतानाच झाकणाची रेषा दोन्ही बाजूंनी सारखी बसते का ते पाहा, आणि 24 तास हात लावू नका.

स्क्रू हरवला म्हणून जवळपासचा लांब स्क्रू मारणं हेही महागात पडतं. झाकणाच्या बाजूला एक-दीड मिलिमीटर जास्त लांबीचा स्क्रू पॅनेलच्या काचेवर टेकतो. काम संपल्यावर चार दिवसांनी कोपऱ्यात तडा दिसतो आणि मग कुणाला दोष द्यायचा हा वाद.

या लॅपटॉपच्या केबलची टेप झिजली होती आणि दोन वायरींचं आवरणही उघडं पडलं होतं. टेप गुंडाळून भागत नाही, केबल बदलायला हवी. नवी मागवताना जुन्या केबलवरच्या स्टिकरचा नंबर बघा, तो बहुधा DC02 किंवा DD0 नं सुरू होतो. पिनांची संख्या जुळली पाहिजे. 30 पिनच्या जागी 40 पिनची केबल चालत नाही. बसवताना केबल मूळ खाचेतून न्या आणि बिजागरीच्या वळणापाशी ती ताणलेली ठेवू नका. पूर्ण जोडण्याआधी, कव्हर उघडं असतानाच, झाकण दहा वेळा सावकाश उघडझाप करा. केबल कुठे अडकत किंवा घासत नसेल तरच बॅटरी जोडा.

खांबाभोवतालचं प्लास्टिकच चुरा झालं असेल तर इपॉक्सीवर भरवसा ठेवू नका. अशा वेळी दुरुस्ती करणारे ज्याला ‘एबीएच’ म्हणतात तो संच, म्हणजे मागचं कव्हर, बेझल आणि बिजागऱ्या, बदलून घ्या. मात्र तुटलेला खांब कीबोर्डच्या बाजूचा असेल तर एबीएच बदलून काहीच साधत नाही, तिथे सी पॅनेल, म्हणजे कीबोर्डभोवतीचं कव्हर, लागतं. पैसे देण्याआधी तुटलेली बाजू दाखवायला सांगा.