पडताळणीत जुन्या कंपनीचा प्रतिकूल शेरा आला, तर उत्तर कसे द्यावे

मुलाखती झालेल्या असतात, पगार ठरलेला असतो आणि एका दुपारी नव्या कंपनीच्या एचआर मॅडमचा फोन येतो, की तुमच्या आधीच्या कंपनीकडून फारसा चांगला अभिप्राय आलेला नाही. अंबड, सातपूर किंवा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी बदलणाऱ्या कोणावरही ही वेळ येऊ शकते. सातपूरच्या एका कारखान्यात मी काही वर्षे एचआरचे काम केले, त्यामुळे असे फोन करण्याची वेळ माझ्यावरही आली. उमेदवार शेऱ्यापेक्षा त्यावर दिलेल्या पहिल्या उत्तराने अधिक वेळा अडचणीत येतो, असे माझे निरीक्षण आहे. हे उत्तर कसे द्यावे, ते एका उदाहरणाच्या आधारे पाहू.

अंबडमधील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातील एका क्वालिटी इंजिनिअरची सिन्नरच्या कंपनीत निवड झाली आहे, असे समजा. पडताळणीत जुन्या कंपनीने लिहिले : ‘नोटीस कालावधी पूर्ण केला नाही, कामाचे हस्तांतरण अपुरे, वृत्ती सहकार्याची नाही, पुन्हा नोकरीवर घेण्यास अपात्र.’ फोनवर मात्र त्याला एवढेच सांगितले जाते, की ‘फीडबॅक निगेटिव्ह आहे.’

पहिल्या फोनवर खुलासा करू नये. नेमके काय लिहिले आहे हे माहीत नसताना दिलेले स्पष्टीकरण बहुतेक वेळा भलत्याच आरोपाचे असते, आणि कंपनीला ठाऊक नसलेली गोष्ट आपण स्वतःच उघड करून बसतो. माझ्यासमोर एका उमेदवाराने हजेरीबद्दल दहा मिनिटे सफाई दिली होती. शेरा होता लॅपटॉप उशिरा परत केल्याचा. म्हणून एवढेच म्हणावे : ‘मॅडम, कळवल्याबद्दल आभारी आहे. शेऱ्याचे नेमके शब्द आणि तो कोणत्या मुद्द्याबद्दल आहे हे समजले, तर मी उद्या संध्याकाळपर्यंत कागदपत्रांसह लेखी उत्तर पाठवतो.’ शेरा कोणी दिला, हे विचारण्याचा मोह टाळावा. बऱ्याच कंपन्या ते नाव सांगत नाहीत, आणि विचारणाऱ्याला मुद्द्यापेक्षा माणसात अधिक रस आहे असा समज होतो. अहवाल दाखवता येत नाही असे उत्तर मिळाले, तर शेरा तारखांबद्दल आहे, थकबाकीबद्दल की वर्तनाबद्दल, एवढे तरी विचारून घ्यावे.

शब्द हाती आले, की त्यांची विभागणी करावी. सगळे उत्तर या विभागणीवरच उभे राहते. आपल्या उदाहरणातील नोटीस कालावधी ही नोंदीची बाब आहे आणि ती कागदाने तपासता येते. हस्तांतरण अपुरे असल्याचे विधान अर्धे खरे असू शकते. सहकार्याची वृत्ती नसणे हे मत आहे, आणि मत कोणत्याही कागदाने खोडता येत नाही. ‘पुन्हा घेण्यास अपात्र’ हा शेरा पुष्कळदा पहिल्या नोंदीतून आपोआप येतो, कारण नोटीस अपुरी राहिलेल्यांना परत न घेण्याचा काही कंपन्यांचा नियमच असतो. त्यामुळे नोंद स्पष्ट झाली, की या शेऱ्याचे वजनही बरेच कमी होते.

आता नोंद तपासू. या इंजिनिअरने ४ मार्चला राजीनामा दिला. नोटीस ६० दिवसांची असल्याने ती २ मेला संपणार होती. पण वरिष्ठांच्या लेखी संमतीने त्याला १० एप्रिलला कार्यमुक्त करण्यात आले. म्हणजे ३८ दिवस भरले आणि २२ दिवस उरले. नियुक्तिपत्राप्रमाणे उरलेल्या दिवसांची वसुली मूळ वेतनावर होती. मूळ वेतन १८,००० रुपये, म्हणजे दिवसाचे ६०० रुपये, म्हणून अंतिम हिशेबातून १३,२०० रुपये कापले गेले. जुन्या कंपनीने लिहिलेले वाक्य अक्षरशः खोटे नाही. पण ते अर्धवट आहे. येथे ‘हे धादांत खोटे आहे’ असे लिहिणाऱ्याची पंचाईत होते, कारण ३८ दिवसांची नोंद समोर येतेच.

जोडायचे कागद तीनच : राजीनामा मंजूर करून १० एप्रिल ही तारीख देणारा ईमेल, कार्यमुक्तीचे पत्र आणि कपात दाखवणारा अंतिम हिशेब. भविष्य निर्वाह निधीच्या सदस्य पोर्टलवर `View` मेनूतील `Service History` मध्ये नोकरी सोडल्याची तारीख दिसते, ती याच्याशी जुळते का हे आधी पाहून घ्यावे. जुळत असेल, तर त्या पानाची प्रतही द्यावी. मात्र त्याने केवळ तारीख सिद्ध होते. वर्तनाबद्दल त्यातून काहीच कळत नाही. तसेच, पडताळणीच्या अर्जात ‘नोटीस पूर्ण केली का’ यापुढे आपण स्वतः काय लिहिले होते, तेही पाहावे. तेथे ‘होय’ लिहिले असेल, तर ती चूक आपणहून आणि आधी मान्य करावी, कारण जुन्या कंपनीच्या शेऱ्यापेक्षा ही विसंगती अधिक गंभीरपणे घेतली जाते.

मग पत्र लिहावे. ते अर्ध्या पानाहून मोठे नसावे. अनेक कंपन्यांत ते इंग्रजीत द्यावे लागते, पण मुद्द्यांचा क्रम हाच ठेवावा :

‘नोटीस कालावधीपैकी ३८ दिवस मी काम केले. उरलेल्या २२ दिवसांची रक्कम कंपनीच्या संमतीने अंतिम हिशेबात वळती झाली. संबंधित कागद जोडले आहेत. हस्तांतरणात गेजच्या कॅलिब्रेशनची नोंदवही मी अद्ययावत करून दिली होती. परंतु ग्राहकाच्या दोन तक्रारींचे अहवाल माझ्याकडून अपूर्ण राहिले, हे खरे आहे. सहकार्याबद्दलचा अभिप्राय माझ्या वरिष्ठांचे मत आहे. त्याच काळात माझ्यासोबत काम केलेल्या उत्पादन विभागाच्या प्रमुखांशी आपण बोलावे, अशी विनंती आहे. त्यांची परवानगी मी घेतली आहे.’

दोन अहवाल राहिल्याची कबुली अनेकांना धोक्याची वाटते. मला ती पत्रातील सर्वांत उपयोगी ओळ वाटते, कारण वाचणाऱ्याचा बाकीच्या ओळींवरचा विश्वास तिच्यामुळे वाढतो. मतावर वाद घातलेला नाही, हेही पाहावे. मताला उत्तर म्हणून आपण दुसरा जाणता माणूस पुढे केला आहे. तो याच कंपनीतला, याच काळातला आणि आपले काम प्रत्यक्ष पाहिलेला असावा. शेजारच्या टेबलावरचा मित्र चालत नाही.

याच दिवशी जुन्या कंपनीच्या एचआरला स्वतंत्र ईमेल पाठवावा आणि ‘उर्वरित नोटीस रकमेद्वारे वळती’ एवढी दुरुस्ती नोंदीत करून मागावी. शेरा देणाऱ्या वरिष्ठांना रागाच्या भरात फोन करू नये, बदनामीच्या दाव्याची धमकी तर मुळीच देऊ नये. सद्भावनेने, दुसऱ्याचे हित जपण्यासाठी केलेल्या विधानाला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये अपवाद आहेत, त्यामुळे धमकीत फारसा दम नसतो. आणि अंबडमधील बोलणे सिन्नरला पोहोचायला वेळ लागत नाही. उद्योगवर्तुळ लहान आहे.

लेखी उत्तरानंतर दोन-तीन कामकाजाचे दिवस थांबून एकदाच विचारणा करावी. सध्या दुसरीकडे नोकरी सुरू असेल, तर पडताळणी पूर्ण झाल्याचे लेखी कळेपर्यंत तेथील राजीनामा देऊ नये. काही वेळा सगळे कागद चोख असूनही कंपनी नियुक्ती थांबवते, कारण अनेक नियुक्तिपत्रांत पडताळणी समाधानकारक होण्याची अट असते. तशा वेळीही दुरुस्तीचा पाठपुरावा सोडू नये, कारण पुढची कंपनी त्याच एचआरला विचारणार आहे. आणि पुढच्या अर्जात ‘३८ दिवस पूर्ण, उर्वरित २२ दिवस रकमेद्वारे वळते’ असे स्वतःच लिहून टाकावे.