वकिलाची वेबसाइट: नियम ३६ न मोडता पान कसं लिहावं

माझ्याकडे एका तालुक्याच्या गावातले वकील वेबसाइट करून घ्यायला आले, तेव्हा त्यांनी मजकूर तयारच आणला होता. 'घटस्फोट स्पेशालिस्ट. ५०० हून अधिक यशस्वी केसेस. पहिला सल्ला मोफत. आजच फोन करा!' चारही वाक्यं काढावी लागली. का, ते आधी समजून घ्या, म्हणजे पान लिहिणं सोपं जातं.

वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ ने मनाई केली आहे. पत्रक वाटणं, दलाल नेमणं, वर्तमानपत्रात आपल्याच खटल्याबद्दल छापून आणणं, सगळं त्यात आलं. २००८ मध्ये या नियमात वेबसाइटपुरती वाट काढून दिली. सोबतच्या परिशिष्टात जी माहिती नमूद आहे तेवढी वेबसाइटवर देता येते. त्यापलीकडचं काही टाकलं तर ते नियमभंग समजलं जातं. म्हणून 'काय चालणार नाही' याची यादी करत बसू नका, काय चालतं एवढंच पाहा.

पहिलं काम, सनद आणि पदव्यांचे कागद समोर घेऊन बसा. पानावर नाव, कार्यालयाचा पत्ता, फोन आणि ईमेल येईल. मग सनद क्रमांक, सनद मिळाल्याची तारीख, मूळ नोंदणी कोणत्या राज्याच्या बार कौन्सिलकडे झाली आणि आज नाव कोणाच्या पटावर आहे, ते. कर्नाटकात सनद घेऊन नंतर महाराष्ट्र-गोव्याच्या कौन्सिलकडे बदलून आलेल्यांनी दोन्ही लिहायचं. मग कोणत्या बार असोसिएशनचे सभासद आहात ते, शिक्षण, आणि शेवटी कामाची क्षेत्रं. ही माहिती खरी असल्याचं निवेदनही द्यावं लागतं.

खरी गोम क्षेत्रांत आहे. वकिलाच्या पाटीवर 'अमुक कामाचा तज्ज्ञ' असं लिहायला हाच नियम मनाई करतो, आणि परिशिष्ट मात्र दिवाणी, फौजदारी, कर, कामगार अशी क्षेत्रं सांगायला परवानगी देतं. फरक दाव्यात आहे. 'घटस्फोट स्पेशालिस्ट' ही फुशारकी, तर 'कामाचे क्षेत्र: दिवाणी, कौटुंबिक' ही माहिती. '५०० केसेस' मोजून खऱ्या निघाल्या तरी परिशिष्टात त्यांना जागा नाही. अशिलांचे अभिप्राय, न्यायाधीशांबरोबरचे फोटो, 'माजी अध्यक्ष, बार असोसिएशन' हेही नको.

मजकूर साफ झाला की लोक निश्चिंत होतात, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. वेबसाइट करणारा मुलगा गूगलवर वर यावं म्हणून पानाच्या पोटात वेगळंच लिहून ठेवतो. पान उघडून Ctrl+U दाबा. या वकिलांच्या जुन्या पानात मला हे सापडलं:

```html
<title>Best Divorce Lawyer | Free Consultation</title>
```

पानावर हे कुठेच दिसत नव्हतं, पण गूगलच्या निकालात शीर्षक म्हणून येऊ शकलं असतं. ते असं केलं:

```html
<title>अॅड. (नाव) | वकील, (गाव)</title>
```

तयार टेंप्लेटमध्ये आपसूक येणारा 'आत्ताच सल्ला घ्या'चा खोका, तारे आणि अभिप्रायांचा पट्टा हेही काढा. गूगलला पैसे देऊन नाव वर आणणं ही सरळ जाहिरातच. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन पोर्टलांवरून वकिलांनी कामं मिळवण्यावर कडक ताशेरे ओढले आणि अशांवर शिस्तभंगाची कारवाई करायला बार कौन्सिलला सांगितलं. त्यामुळे 'नोंदणी करा, अशील पाठवतो' असा फोन आला तर नाही म्हणा.

बऱ्याच वेबसाइटी उघडताच 'ही जाहिरात नाही, मी स्वतःहून माहिती मागतो आहे' अशी चौकट पुढे येते. ठेवायची तर ठेवा, पण खाली 'नंबर वन' लिहिलेलं असेल तर ती चौकट काही वाचवणार नाही.

पान तयार झालं की नियमाप्रमाणे बार कौन्सिल ऑफ इंडियाला कळवून मान्यता घ्यायची असते. ही पायरी अनेकजण गाळतात. पाठवलेल्या पत्राची आणि त्या दिवशीच्या पानाची प्रत जपून ठेवा. तक्रार झालीच तर वकील अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली समज देण्यापासून सनद जाण्यापर्यंत काहीही होऊ शकतं.

सीएंचा कायदा वेगळा, १९४९ चा. काम मागणं आणि जाहिरात करणं तिथे पहिल्या अनुसूचीत येतं, आणि वेबसाइटसाठी त्यांच्या संस्थेच्या स्वतंत्र मार्गदर्शक सूचना आहेत. त्या बदलत असतात, म्हणून ताज्या पाहूनच लिहा. वकिलाचं पान उचलून सीएला डकवू नका.

आमच्या वकिलांचं पान शेवटी मोबाइलच्या एका पडद्यात मावलं. "एवढंच?" म्हणाले. सनदेची तारीख मात्र त्यांनी दोनदा तपासली, आणि पहिल्यांदा त्यांनी सांगितलेली चुकीचीच निघाली.