फोटोतलं मशीन कोणतं?

कोल्हापुरातून आईनं व्हॉट्सॲपवर मशीनचा फोटो टाकला की आधी आकड्याशेजारची अक्षरं बघा. mmHg असेल तर बीपी. तिथं वरचा, खालचा आणि नाडीचा असे तीन आकडे असतात. mg/dL आणि एकच आकडा म्हणजे शुगर, खाली पट्टीही दिसेल. बोटाला चिमटा आणि %SpO2 म्हणजे ऑक्सिमीटर.

खरी गंमत ऑक्सिमीटरची. फोटो उलटा आला तर 98 चा आकडा चक्क 86 दिसतो, आणि पोरं उगाच ॲम्ब्युलन्स शोधायला लागतात! SpO2 ही अक्षरं सुलटी दिसेपर्यंत फोटो फिरवा, मगच आकडा वाचा. शेजारचा PRbpm चा आकडा नाडीचा, तो ऑक्सिजन समजू नका. सुलट्या फोटोतही 86 च असेल, तर मात्र लगेच डॉक्टर गाठा.