उसना टॉकटाइम आणि पुढचा तोकडा रिचार्ज

इमर्जन्सी टॉकटाइम घेतला की त्याची वसुली पुढच्या रिचार्जमधून आपोआप होते, तीही सगळ्यात आधी. समजा, १० रुपयांचा टॉकटाइम उसना घेतला आणि त्यावर सेवाशुल्क २ आहे. पुढे ५० चा टॉपअप केला की १२ वळते होतात आणि कर सोडला तरी हातात ३८ च उरतात. काही कंपन्या टॉकटाइम देतानाच शुल्क कापतात. मग मिळतात ८ आणि फेडायचे १०.

खरी पंचाईत बॅलन्समधून पॅक घेणाऱ्यांची होते. पॅक ५० चा, टॉपअपही नेमका ५० चा, पण शिल्लक ३८, त्यामुळे पॅक चालूच होत नाही. म्हणून थकबाकी धरून टॉपअप करा. डेटा उसना घेतला असेल तर काही ठिकाणी पैशांऐवजी पुढच्या पॅकमधले एमबीच कमी होतात. किती कापले ते वसुलीच्या एसएमएसमध्ये असतं. तो लगेच पुसू नका.